मुहूर्त नेमका कशाचा, हे आधी विचारा

नव्या घराची वास्तुशांत ठरली की गुरुजींना फोन जातो आणि पहिला प्रश्न असतो, "किती वाजता येताय?" गुरुजी सांगतात, "साडेनऊला." तेवढ्यावर आमंत्रणे जातात, केटररला वेळ कळवली जाते, गावाहून येणाऱ्यांच्या गाड्या ठरतात. मग त्या दिवशी दुपारचे दोन वाजून जातात, होमाचा धूर हॉलमध्ये कोंडलेला असतो, आणि ज्यांच्या आशीर्वादासाठी सगळा घाट घातला त्या आजी आतल्या खोलीत उपाशी, थकून आडव्या झालेल्या असतात. या सगळ्याला मुहूर्त जबाबदार आहे, असे घरातले सगळे समजून चालतात. बहुतेक वेळा तो नसतो.

साडेनऊ ही वेळ पंचांगाने दिलेली नसते. मोठ्या मुहूर्ताच्या दिवशी गुरुजींकडे दोन-तीन कामे असतात. पहाटे एका घरची पूजा, मग आपले घर, संध्याकाळी कुठेतरी सत्यनारायण. साडेनऊ म्हणजे पहिल्या घरून निघून आपल्याकडे पोचण्याची वेळ. त्यात गैर काही नाही, पण ती अडचण आहे, शास्त्र नव्हे, आणि अडचणीवर बोलून मार्ग काढता येतो. म्हणून फोनवर दोन वेगळे प्रश्न विचारावेत. "गुरुजी, मुहूर्त कुठून कुठपर्यंत आहे?" हा पहिला. "त्या वेळात नेमके काय व्हायला हवे?" हा दुसरा. आपण कधी येऊ शकता, हे त्यानंतर.

दुसरा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि वडीलधाऱ्यांची सोय लागते ती त्याच्याच उत्तरात. सगळ्या धर्मकार्यांना वेळेचे बंधन सारखे नसते. लग्नात मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर होण्याचा क्षण ठरलेला असतो, तिथे मिनिटांचा हिशेब चालतो. काही कार्यांना दिवसाचा एक भाग नेमून दिलेला असतो. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या दिवसाचे आपल्याकडे पाच भाग करतात: प्रातःकाळ, संगव, मध्यान्ह, अपराह्ण आणि सायान्ह. भाद्रपदातल्या गणेशाची पूजा मध्यान्हाशी जोडलेली आहे, श्राद्ध अपराह्णाशी, लक्ष्मीपूजन सूर्यास्तानंतरच्या प्रदोषकाळाशी. तिथे वेळ सरकवायची तर त्या भागाच्या आतच. तिसऱ्या प्रकारात दिवस महत्त्वाचा असतो, तास नव्हे. वास्तुशांत बरीचशी या प्रकारात मोडते. पंचांगात वास्तुशांतीच्या दिवसापुढे पुष्कळदा 'दुपारी अमुक वाजेपर्यंत' असे लिहिलेले दिसते. त्याचा अर्थ एवढाच की त्या वेळी चालू तिथी किंवा नक्षत्र संपते, किंवा एखादा वर्ज्य योग सुरू होतो. त्या आधी सुरुवात करायची, की पूर्णाहुतीसुद्धा त्या आधी व्हायला हवी, याबाबत गुरुजींच्या परंपरांमध्ये फरक आहे, म्हणून ते त्यांनाच विचारावे. पण सुरुवात साडेनऊलाच करा, असे त्या ओळीत कुठेही लिहिलेले नसते. सूर्योदयानंतर लगेच सुरू केले तर बहुतेक गुरुजींना आनंदच होतो.

दिवस मात्र सहसा हलत नाही, आणि त्याला कारण आहे. वास्तुशांतीत होम असतो, आणि होमाच्या दिवशी अग्नीचा वास पृथ्वीवर आहे की नाही, हे तिथी आणि वार यांच्या बेरजेवरून पाहतात. त्यामुळे शनिवारी जमते आणि रविवारी नाही, असे उत्तर गुरुजींनी दिले तर ते टाळाटाळ करत नसतात. दिवसाबद्दल फार ताणू नये. वेळेबद्दल मात्र मोकळेपणाने बोलावे.

आता एक घर डोळ्यांसमोर ठेवू. घर काल्पनिक आहे, पण असे घर पुण्यात गल्लोगल्ली सापडेल. सिंहगड रस्त्यावर पाचव्या मजल्यावरचा नवा फ्लॅट. वैशाख महिना. यजमान नवरा-बायको दोघे नोकरी करणारे. आजी चौऱ्याऐंशी वर्षांच्या, मधुमेह, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन, दुपारचे जेवण रोज साडेबाराला. साताऱ्याहून मोठे काका-काकू येणार. काकांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेले, काकूंना दमा. पंचांगात त्या दिवशी दुपारी 1.20 पर्यंत वेळ दिलेली. गुरुजी साडेनऊला यायला तयार.

साडेनऊला सुरू केले तर काय होईल, ते घड्याळ लावून पाहू. आल्यावर मांडणीला पाऊण तास. चौरंग, वास्तुमंडलाचे रंगीत तांदळाचे घर, नवग्रहांच्या सुपाऱ्या, कलश, विडे. सव्वादहाला संकल्प. गणपतीपूजन, पुण्याहवाचन, मातृकापूजन, नांदीश्राद्ध आणि आचार्यवरण यांत एक तास, म्हणजे सव्वाअकरा. वास्तुमंडल आणि ग्रहांची स्थापना व पूजा सव्वा तास, साडेबारा झाले. होम सव्वा तास, पावणेदोन. बलिदान, पूर्णाहुती, वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात ठेवणे आणि आरती धरून अडीच. पहिली पंगत पावणेतीनला. शिवाय याच दिवशी सत्यनारायणही उरकून घ्यायचा, अशी आपल्याकडे पद्धतच पडली आहे. तो जेवणाआधी घेतला तर चार वाजतील. म्हणजे आजींचे जेवण सव्वादोन ते साडेतीन तास लांबले आणि 1.20 ची पंचांगातली मर्यादाही होम चालू असतानाच उलटून गेली.

इथे यजमानांनी गुरुजींना दुसरा फोन केला. तो कसा करावा, याला महत्त्व आहे. "जरा लवकर आटपा" असे म्हटले की गुरुजींना वाटते, या लोकांना विधीचे काही नाही, यांना फोटो आणि जेवण हवे आहे. त्याऐवजी घरातली परिस्थिती सांगावी. "गुरुजी, नमस्कार. आमच्या आजी चौऱ्याऐंशीच्या आहेत, इन्सुलिनवर आहेत. त्यांचे पान बाराला वाढायलाच हवे. काकूंना दमा आहे, धूर सोसत नाही. या दोघींना नेमके कोणत्या वेळी बसवावे, आणि आपण किती लवकर सुरू करू शकाल, ते सांगाल का?" ज्या गुरुजींची अनेक वर्षे लोकांच्या घरी पूजा सांगण्यात गेली आहेत, त्यांना हे प्रश्न नवे नसतात. उत्तरे त्यांच्याकडे तयार असतात, फक्त कोणी विचारत नाही.

पहिले उत्तर मांडणीचे. जे पाऊणएक तास जातात ते आदल्या संध्याकाळी वाचवता येतात. गुरुजींकडून यादी आधी मागून घ्यावी. तांदूळ, सुपाऱ्या, खारका-बदाम, हळकुंडे, नारळ, विड्याची पाने, समिधा, तूप हे सगळे आणून मोजून, वेगवेगळ्या वाट्यांत काढून ठेवावे. पुष्कळ गुरुजी एखाद्या विद्यार्थ्याला आदल्या संध्याकाळी मांडणीसाठी पाठवतात. पूजेच्या दिवशी उशीर होतो तो मंत्रांमुळे क्वचितच. सुपाऱ्या पिशवीच्या तळाशी गेल्या, काडेपेटी सापडेना, गोमूत्र आणायला कोणी गेले, यात अर्धा-अर्धा तास जातो.

दुसरे उत्तर होमाचे. होमाला किती वेळ लागेल हे आहुतींच्या संख्येवर ठरते. एकेका देवतेला एकशे आठ, अठ्ठावीस किंवा आठ आहुती, असे तिन्ही पर्याय परंपरेतच आहेत. अठ्ठावीसची संख्या धरली म्हणून कर्म अपुरे राहत नाही. "किती आहुती धरणार?" हा प्रश्न विचारल्यावर गुरुजींना कळते की यजमानांना विधीची माहिती आहे, आणि बोलणे सोपे होते. शिवाय दोन गुरुजी आले तर बरेचसे काम बरोबरीने चालते. दक्षिणा अर्थातच वाढते, ती आधीच बोलून ठेवावी. कामे आटोपशीर आणि प्रत्येक विधीचा अर्थ मराठीत सांगत व्हावीत असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी पुण्यात ज्ञान प्रबोधिनीच्या पद्धतीने पौरोहित्य करणारे स्त्री-पुरुष पुरोहित आहेत. पण ज्या घराण्यात ठरलेले गुरुजी आहेत तिथे केवळ वेळेसाठी ते बदलू नयेत, असे मला वाटते. आजींचा निम्मा आनंद त्या ओळखीच्या आवाजात असतो.

तिसरे उत्तर सत्यनारायणाचे. या पूजेला मुहूर्त पाहावा लागत नाही, ती कोणत्याही दिवशी करता येते, आणि तिची मूळ वेळ संध्याकाळचीच सांगितलेली आहे. ती वास्तुशांतीला जोडून भरदुपारी करायची प्रथा पडली ती गुरुजी आलेलेच आहेत आणि पाहुणे जमलेलेच आहेत, म्हणून. ज्येष्ठांच्या दृष्टीने हा जोड फार महागात पडतो. तो तोडला की सकाळचा दीड तास मोकळा होतो. संध्याकाळी साडेसहाला पूजा सुरू केली तर आजी दुपारी झोपून उठून, चहा घेऊन, पाच अध्यायांच्या कथेला आणि आरतीला ताज्यातवान्या येऊन बसतात. कोणाला ते संध्याकाळी जमत नसेल तर पुढच्या पौर्णिमेला करावा.

या तिन्हींचा हिशेब धरून त्या घरचा दिवस असा बसला. मांडणी आदल्या रात्री. गुरुजी पावणेसातला आले. पहिले काम त्यांनी या घरचे घेतले आणि दुसरे पुढे ढकलले. त्यासाठी त्यांना दोन महिने आधी सांगावे लागले, आठ दिवस आधी हे झाले नसते. सातला संकल्प, आठपर्यंत नांदीश्राद्ध आणि आचार्यवरण, मग मंडलाची पूजा, दहापर्यंत होम. त्यानंतर बलिदान आणि उत्तरपूजा, तोवर खिडक्या सताड उघड्या आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू. पावणेअकराला पूर्णाहुती, मग वास्तुपुरुषाची स्थापना, आशीर्वाद, आरती. साडेअकराला नैवेद्य आणि बाराला ज्येष्ठांची पाने. गुरुजींच्या येण्याला अर्धा तास उशीर झाला तरी आजींचे साडेबारा सांभाळले जातात, आणि 1.20 ची मर्यादा तर कुठल्या कुठे राहते. वैशाखात याचा आणखी एक फायदा आहे. दुपारच्या उन्हाआधी अग्नी शांत झालेला असतो. अडतीस-चाळीस अंश तापमानात बंद खोलीत होमाजवळ बसणे धडधाकट माणसालाही जड जाते.

आता आजी आणि काका-काकू यांनी यायचे कधी? इथे घरोघरी एक चूक होते. वेळ ठरवताना ज्येष्ठांची काळजी सगळे करतात, पण त्यांना विचारत कोणी नाही. मुलाने ठरवलेले असते की आई आरतीला आली की पुरे. आईच्या मनात असते की कुळाचा, गोत्राचा उच्चार होऊन संकल्प सुटतो त्या वेळी आपण तिथे असावे, कारण सासऱ्यांचे नाव त्यात येते. कोणाला पुण्याहवाचनातला आशीर्वाद ऐकायचा असतो, कोणाला पूर्णाहुतीला हात लावायचा असतो. म्हणून आधी त्यांना विचारावे, की सगळ्या पूजेत तुम्हाला कुठे बसायचे आहे. ते कळले की गुरुजींना सांगावे, आणि त्यांच्याकडून त्या विधीची अंदाजे वेळ घ्यावी. आमच्या उदाहरणातल्या आजींना पूर्णाहुती हवी होती. काकांना संकल्प. म्हणून काका-काकू आदल्या दिवशीच साताऱ्याहून येऊन राहिले. काकूंनी संकल्पानंतर होम संपेपर्यंत शेजाऱ्यांकडे बसावे असे ठरले, आणि आजींना नातवाने सव्वादहाला घेऊन यायचे. आजी दाराजवळ, बाल्कनीच्या वाऱ्यात, खुर्चीवर. पूर्णाहुतीच्या वेळी यजमानांच्या हाताला हात लावला की झाले.

खुर्चीबद्दल अजूनही काही घरांत संकोच असतो. पाटावर बसता येत नाही म्हणून काका मागेच उभे राहतात. गुरुजींना आदल्या दिवशी सांगितले तर ते स्वतःच म्हणतात की खुर्ची घ्या, समोर टेबलावर ताम्हन ठेवतो. यजमान म्हणून पूजेला ज्येष्ठच बसणार असतील तर चौरंगच उंचावर मांडून घेता येतो. पण हे आधी ठरावे लागते. मांडणी जमिनीवर झाल्यावर ती उचलता येत नाही. आणि आजी विधवा असतील तर त्या स्वतःहूनच मागे सरतात, त्यांना तशी सवय लावली गेलेली असते. त्यांच्या खुर्चीची जागा गुरुजींनी सर्वांसमोर 'आजी, इथे पुढे बसा' म्हणून दाखवली तर त्या बसतात. एवढे करायला गुरुजींना आधी विनंती करून ठेवावी. बहुतेक जण आनंदाने करतात.

उपवासाचा प्रश्न वेळेइतकाच महत्त्वाचा आहे. पूजेला बसणारे यजमान पूर्ण होईपर्यंत जेवत नाहीत, पण घरातल्या प्रत्येकाने उपाशी राहावे असा नियम नाही. आणि यजमानांनाही पाणी, दूध, फळे, कंदमुळे आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, असे धर्मशास्त्र स्पष्ट सांगते. वैद्याने दिलेले औषध वेळेवर घेणे हा व्रतभंग नाही. तरीही जुन्या वळणाच्या आजी गुपचूप काही न खाता बसतात, कारण पूजा चालू असताना तोंडात काही घालणे त्यांना पटत नाही. मुलांनी सांगून त्या ऐकत नाहीत. गुरुजींनी फोनवर एकदा सांगितले, की आजी, सकाळी आठला दूध-पोळी खाऊन या, तर ऐकतात. इन्सुलिन घेतले आणि जेवण लांबले तर रक्तातली साखर एकदम उतरते. घाम येतो, हात थरथरतात, बोलणे अडखळते, माणूस गोंधळल्यासारखा होतो. दमणूक समजून याकडे दुर्लक्ष होते. म्हणून पान वाढण्याची वेळ पक्की झाल्याशिवाय दुपारचे इंजेक्शन देऊ नये, आणि त्या दिवसाच्या मात्रेबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलावे. साखरेच्या गोळ्या किंवा साखरपाणी जवळ असावे.

केटरर किंवा कार्यक्रमाची सगळी व्यवस्था पाहणारा माणूस असेल तर हे बोलणे त्याच्यापर्यंत पोचणे गरजेचे असते, नाहीतर गुरुजींनी अकराला आरती संपवावी आणि स्वयंपाक एकला तयार व्हावा, असे घडते. हल्ली गुरुजी, साहित्य, फुले, जेवण असे एकत्र पॅकेज घेणारे लोक वाढले आहेत. अशा वेळी आपले बोलणे थेट गुरुजींशी होत नाही. व्यवस्थापक वेळ सांगतो ती त्याच्या हॉलच्या आणि माणसांच्या सोयीने. त्याला नम्रपणे म्हणावे की गुरुजींशी पाच मिनिटे बोलायचे आहे, वेळ त्यांच्याशी बोलून ठरवू. आणि त्याच्याकडून एक गोष्ट लिहून घ्यावी: नैवेद्याचे ताट साडेअकराला, ज्येष्ठांची सात-आठ पाने बाराला, टेबलावर, बाकीची पंगत त्यानंतर. नैवेद्य दाखवल्यावर पहिली पाने वडीलधाऱ्यांची, याला कोणाचीही हरकत नसते. हॉल घेतला असेल तर तो सकाळी किती वाजता उघडून मिळतो हेही पाहावे. सातला संकल्प ठरवून आठला कुलूप निघणे हा प्रकार विरळ नाही.

परदेशातल्या मराठी घरांत हाच गुंता जरा वेगळा होतो. न्यू जर्सीत पूजा आणि आजी-आजोबा पुण्यातून व्हिडिओवर, असे आता सर्रास असते. तिथे लक्षात ठेवायचे ते एवढेच, की तिथी किंवा नक्षत्र संपण्याचा क्षण जगभर एकच असतो, तो फक्त तिथल्या घड्याळात बदलून घ्यायचा. पण सूर्योदय, मध्यान्ह, प्रदोष हे त्या गावच्या सूर्यावर ठरतात, ते मुंबईच्या पंचांगातून उचलून चालत नाही. उन्हाळ्यात न्यू जर्सीचे सकाळचे दहा म्हणजे पुण्याचे संध्याकाळचे साडेसात, आणि तिथली घड्याळे मागे गेली की साडेआठ. ऐंशीच्या पुढच्या माणसाला तो जेवणाचा आणि झोपेचा वेळ आहे. तिथे आठला सुरुवात केली तर इथे उन्हाळ्यात साडेपाच वाजलेले असतात, आणि आजोबा दिवेलागणीला आरतीत टाळ्या वाजवू शकतात.

सगळे ठरले की आमंत्रणाच्या मजकुरात 'सकाळी 9 पासून' एवढेच लिहू नये. ज्येष्ठांना वेगळा फोन करून किंवा निरोपात स्पष्ट सांगावे: पूर्णाहुती पावणेअकराला, आरती सव्वाअकराला, तुमची पाने बाराला, लिफ्ट चालू आहे, दाराशी न्यायला अमुक येईल. आदल्या संध्याकाळी गुरुजींना पुन्हा एकदा फोन करावा. उशीर होणार असेल तर तो तेव्हाच कळतो, आणि मग कोणता भाग आटोपशीर घ्यायचा ते गुरुजींनीच ठरवून ठेवावे. त्या घरी गुरुजींना सकाळी वीस मिनिटे उशीर झाला. त्यांनी आहुती अठ्ठावीसच्या आठ केल्या आणि पूर्णाहुती पावणेअकरालाच घेतली.